अंग बाहेर आलं तेव्हा

मी पांढुर्ण्याची लेक. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन्ही काठांवरून लोक एकमेकांना दगड मारतात, आणि उरलेलं वर्षभर बाया मनातल्या मनात मारतात. हे जे लिहायला बसले आहे ते माझ्याही मनातच कुजलं असतं. आता वय झालं, लाज संपली. राग मात्र आहे तसाच आहे.

मला सौसर तालुक्यात दिलं, लोधीखेड्यापासून बैलगाडीच्या वाटेवरच्या एका गावात. संत्र्याची बाग, थोडा कापूस, घरात नवरा, सासू आणि सासरे. सासूला मी आत्याबाई म्हणायची. सासऱ्यांना मामाजी म्हणायचं असतं, पण त्यांच्यापुढे तोंड उघडायची रीतच नव्हती, त्यामुळे तो शब्द मी फारसा वापरलाच नाही. चार बाळंतपणं त्याच घरात झाली, आतल्या खोलीत, एकाच दाईच्या हातून. पहिली कळ आली न आली की दाई म्हणायची, "दे जोर." मूल कुठल्या कुठे असायचं, वाट उघडलेली नसायची, आणि मी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत जीव खाऊन जोर देत राहायची. मूल बाहेर आलं की आत्याबाई जुन्या लुगड्याची लांब पट्टी घेऊन यायच्या आणि माझं पोट बांधायच्या. पोट बांधलं नाही तर वारा भरतो, पोट सुटतं, गर्भाची पिशवी जागेवर बसत नाही, असं सगळं गाव सांगायचं. बारसं झालं की बाळंतीण विहिरीवर. बांधलेल्या पोटानं पाणी ओढायचं, आणि वर डोक्यावर पाण्यानं भरलेला पितळी गुंड.

चौथ्या बाळंतपणानंतर कापूस वेचायला जायला लागले तेव्हाची गोष्ट. वेचणीला बाया कमरेला कापडाची ओटी बांधतात आणि बोंडांतला कापूस काढून तिच्यात भरत जातात. ओटी भरत जाते तशी पोटावरून खाली ओढते. संध्याकाळी घरी येऊन न्हाणीत बसले, तर खाली काहीतरी लागलं. हात लावून पाहिला. मऊ, ओलसर, सुपारीपेक्षा मोठं काहीतरी वाटेच्या तोंडाशी येऊन बसलं होतं. मी घाबरून उठले. रात्री झोपले आणि सकाळी पाहिलं तर काही नाही. मला वाटलं भास झाला. संध्याकाळी परत तेच. मग रोजच. सकाळी ठीक असायची, उन्हं उतरेपर्यंत कंबर ओढायला लागायची, खाली असं जड व्हायचं की सगळं पोटच गळून पडेल की काय असं वाटायचं. आडवी झाले की बरं. पण आडवं व्हायला कोण देतं?

आत्याबाईंना सांगितलं. सांगायला मला किती दिवस लागले ते विचारू नका. त्या ज्वारी पाखडत होत्या. त्यांनी सूपसुद्धा खाली ठेवलं नाही.

"पोट ढिल्लं बांधलं असंन," त्या म्हणाल्या. "मी बांधून देतो उद्यापासून."

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी त्या मला उभी करायच्या, पट्टीचे दोन वेढे मारायच्या, आणि माझ्या कंबरेला एक पाय टेकवून ती अशी खेचायच्या की माझा श्वास अडकायचा. भाकरी गिळताना घास छातीशी थांबायचा. आणि खालचं कमी व्हायच्या ऐवजी वाढायला लागलं. आधी तोंडाशी थांबायचं, ते आता खोकलं की बाहेर डोकावायला लागलं. मी तसं सांगितलं की त्या पट्टी आणखी आवळायच्या. किती साधी गोष्ट होती! पोट वरून करकचून बांधलं तर आतलं जाणार कुठे? खालीच ना? कापसाचा बोरा भरताना पायानं दाबून दाबून कापूस तळाशी घालणाऱ्या आम्ही बाया, आम्हाला हे कळू नये? मला आजही त्या पट्टीची आठवण झाली की हाताच्या मुठी वळतात.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "आईले सांग. बायांचं हाये ते." एवढं बोलून कूस बदलली. रात्री मात्र ते बायांचं नसायचं, त्याचंही असायचं. मला दुखतं म्हटलं तर त्याचं तोंड वाकडं व्हायचं. त्यात कपड्याला पांढरं लागायला लागलं. त्याचा विटाळ धरून आत्याबाईंनी मला देवघरापासून लांब ठेवलं. पाण्याच्या गुंडांपासून नाही. गुंडाला विटाळ चालत असावा.

संत्र्याची तोड सुरू झाली. हिवाळ्यात उतरणारा आंबिया बहार होता, झाडं लदबदलेली. तोडणाऱ्या बाया फळं काढून टोपल्या भरायच्या आणि डोक्यावरून बांधावरच्या ढिगापर्यंत न्यायच्या. घरच्या आम्ही दोघीही त्यांच्यातच. दुपारी मी झाडांच्या आड लघवीला बसले तर लघवी होईचना. ओटीपोट फुगून दगड झालं होतं. घामाघूम झाले. शेवटी काय सुचलं कोण जाणे, बोटांनी ते बाहेर आलेलं वर ढकललं, तेव्हा कुठे धार लागली. तिथेच बसून मी रडले. दुखलं म्हणून नाही. आपल्या अंगाला आपणच असं हातानं आत कोंबावं लागतं, याचा मला भयंकर राग आला.

त्या संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितलं, "दवाखान्यात नेता, का मी पांढुर्ण्याले माह्या बापाच्या घरी जाऊ? आन् गेली तर येनार नाही." तोडीच्या दिवसांत बाई निघून गेली तर लोक काय म्हणतील, हे त्याला बरोबर कळलं. माझं दुखणं नाही कळलं, लोक कळले. पण तो स्वतः येईना. आत्याबाईंना सोबत पाठवलं. त्या आल्या ते माझ्यावर नजर ठेवायला. लहानग्याला कडेवर घेऊन लोधीखेड्याहून बसमध्ये बसलो तेव्हापासून त्यांची बडबड सुरू होती, की त्यांच्या काळात असली थेरं नव्हती, अशा दुखण्याला कोणी दवाखान्यात जात नव्हतं, परक्या माणसापुढे कपडे वर करताना मला काही वाटतं की नाही.

परकं माणूस म्हणजे सौसरच्या सरकारी दवाखान्यातली डॉक्टरीण. जबलपूरकडची होती, हिंदी बोलायची, पण आमच्याकडच्या बायांचं ऐकून ऐकून मराठी सगळं समजायची. तिनं मला टेबलावर झोपवलं. झोपल्याबरोबर ते लबाड आत निघून गेलं. मला वाटलं, आता ही म्हणणार काही नाही, उगाच आलीस. पण तिनं गुडघे मोडून पाय बाजूला करायला लावले आणि म्हणाली, "अब ज़ोर से खाँसो." मी खोकले. मग म्हणाली, शौचाला बसल्यावर कुंथतो तसं कुंथ. कुंथले. ते आलं.

तिनं माझ्या पोटावरची पट्टी सोडून टाकली. पट्टीचे वळ कातडीत रुतले होते. ते पाहून तिनं आत्याबाईंकडे असं पाहिलं की मला बरं वाटलं. मग आम्हा दोघींना समोर बसवून तिनं समजावलं. पिशवीला आतून धरून ठेवणाऱ्या दोऱ्या असतात, आणि खालून झोळीसारखे स्नायू. दर बाळंतपणात ते ताणतात. वाट उघडायच्या आधीपासून जोर दिला की जास्त ताणतात. आणि ते परत आवळायच्या आत बाई ओझं उचलायला लागली की ढिलेच राहतात. मग पिशवी सरकायला लागते. पहिल्या पायरीला ती खाली येते, पण वाटेच्या आतच असते. बाईला नुसतं जड वाटतं. दुसऱ्या पायरीला तोंडाशी येते. तिसऱ्या पायरीला तोंड ओलांडून बाहेर. आणि शेवटी अख्खी पिशवी उलटी होऊन मांड्यांमध्ये लोंबते, सोबत लघवीच्या पिशवीलाही ओढून आणते. माझी दुसरी संपून तिसरी लागायला आली होती. पोट बांधणं आजपासून बंद, ओझं बंद, बद्धकोष्ठ होऊ द्यायचं नाही, खोकला अंगावर काढायचा नाही. लघवी मध्येच अडवल्यावर आतून जसं आवळलं जातं तसं दिवसातून पुष्कळदा आवळायचं. ऑपरेशनची सोय होईपर्यंत आधाराला आत एक कडं बसवून देते, असं ती म्हणाली. दर काही महिन्यांनी येऊन ते काढून धुऊन परत बसवायचं.

ओझं बंद म्हटल्याबरोबर आत्याबाई पेटल्या. "ओझं बंद? आन् बाग कोन पाहीन? बाई हाये का राणी हाये हे? माह्यं तर वीस वर्सं झाले बाहेर हाये. पुरं बाहेर! मी नाही का टोपल्या उचलल्या? मी मेली का?"

मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. त्या हे रागात बोलून गेल्या होत्या, फुशारकीनं, आणि बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांनाच कळलं. पदर तोंडावर घेतला. डॉक्टरीण शांतपणे उठली आणि टेबलाकडे हात करून म्हणाली, "अम्मा, अब आप लेटो."

त्या झोपायला तयार नव्हत्या. मी त्यांना हाताला धरून नेलं, जवळजवळ ओढतच. त्यांचं झोपल्यावरही आत गेलं नाही. त्यांनी लुगड्याखाली लंगोटासारखं फडकं कसून बांधलं होतं, ते सोडलं आणि मी पाहिलं. मुठीएवढा गोळा, कातडी कोरडी पडून राठ झालेली, टाचेसारखी, आणि कपड्याला घासून घासून त्यावर रुपयाएवढी जखम. त्यातून पाणी येत होतं. अशा अवस्थेत ही बाई त्याच आठवड्यात माझ्या पुढे टोपली घेऊन चालत होती, आणि मागे वळून मला म्हणत होती, पाय उचल.

डॉक्टरीण म्हणाली, सुनेला थोडं थांबता येईल, यांना नाही. ही जखम आधी भरली पाहिजे, तिचा तुकडा तपासायला पाठवला पाहिजे, कारण अशी जुनी जखम कधी कधी वाईट निघते. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात भरती व्हा. तिथे बाहेर आलेलं आत बसवून औषधाच्या पट्ट्या भरून ठेवतील, जखम वाळली की खालच्या वाटेनंच पिशवी काढतील आणि ढिल्या झालेल्या भिंती टाके घालून आवळतील. पोटावर चिरा पडत नाही. त्यानंतर तीन महिने जड काही उचलायचं नाही.

बसस्टँडवर आम्ही बाकड्यावर बसलो होतो. लहानगं माझ्या मांडीवर झोपलेलं. मी विचारलं, "मामाजीले मालूम हाये?"

"नवऱ्याले मालूम नसते का?" त्या म्हणाल्या. "खाट कायले नेली मंग बागेत?"

मामाजी बारा महिने बागेतल्या झोपडीत झोपायचे. सगळं गाव कौतुक करायचं, की काय माणूस आहे, थंडीपावसात फळाची राखण करतो. मीही कौतुक केलं होतं. राखण कसली? बायकोच्या अंगाची किळस आली म्हणून हा माणूस वीस वर्षं खाट उचलून गेला होता, पण तिच्या डोक्यावरची टोपली काही त्यानं उचलली नव्हती.

"मंग माह्यं पोट कायले बांधलं, आत्याबाई?" माझा आवाज चढला. स्टँडवरची माणसं पाहायला लागली. "तुमाले ठाव होतं, बांधून काही होत नाही. तुमचं बांधलंच होतं ना?"

"माह्या सासूनं बांधलं होतं," त्या म्हणाल्या. "मले वाटलं, तिनंच ढिल्लं बांधलं असंन."

मला त्यांची कीव आली असं लिहिलं तर ते छान दिसेल, पण तेव्हा मला कीव आली नाही. त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. आणि त्याच वेळी मनात पक्कं झालं, की या बाईला नागपूरला न्यायचंच. त्यांच्यावर माया होती म्हणून नाही. त्यांच्यात मला मीच दिसले होते, वीस वर्षांनंतरची. या घरात त्यांचं काही झालं नाही तर माझं कधीच होणार नव्हतं.

घरी आल्यावर अपेक्षेप्रमाणेच झालं. मामाजी नवऱ्याला म्हणाले, मला ऐकू येईल असं, "बहार होऊ दे. मंग पाहू." बहार काय, आंबिया झाला की मृग, मृग झाला की पुन्हा आंबिया. संत्र्याला दोन बहार असतात, बाईच्या दुखण्याला एकही मोकळा महिना नसतो. नवरा म्हणाला, दोघीही गेल्या तर भाकरी कोण टाकेल? मी पहिल्यांदा मामाजींसमोर तोंड उघडलं. पदर डोक्यावर होता, पण आवाज खाली नव्हता. म्हणाले, "ज्याले भूक लागंन तो टाकंन." भावाला निरोप धाडला, तो आला तशी मोठी तीन पोरं त्याच्या हवाली केली, तो त्यांना पांढुर्ण्याला घेऊन गेला. लहानग्याला कडेवर घेतलं आणि आत्याबाईंना घेऊन लोधीखेड्याला छोट्या रुळांच्या आगगाडीत बसले. ती गाडी रमतगमत नागपूरला पोचायची. आत्याबाई सगळ्या वाटेनं खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या.

नागपूरच्या दवाखान्यातल्या त्या लांबलचक वॉर्डात मला आणखी एक धक्का बसला. तिथे बायाच बाया होत्या, आमच्यासारख्याच, आणि दर दुसऱ्या खाटेवर हेच. आत्याबाई पहिले दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडल्या. मग शेजारच्या खाटेवरच्या काटोलकडच्या म्हातारीनं त्यांना सरळ विचारलं, "तुमचं किती वर्साचं?" आत्याबाईंनी सांगितलं. म्हातारी म्हणाली, "माह्यं जास्त हाये." त्यानंतर त्या दोघी दिवसभर बोलत असायच्या. तुकडा तपासून आला, वाईट काही निघालं नाही. रोज पट्ट्या बदलून जखम भरायला बरेच आठवडे गेले. मग ऑपरेशन झालं. लघवीची नळी काढल्यावर त्या पहिल्यांदा उठून चालल्या तेव्हा वॉर्डाच्या मधोमध थांबल्या. पाय जरा फाकवून चालायची त्यांची सवय होती. ती त्यांची चालच आहे असं आम्ही समजायचो. त्यांनी पाय जवळ घेतले, पुन्हा चालल्या, आणि चालता चालता रडायला लागल्या. मग मात्र मलाही रडू आलं.

घरी परतलो तेव्हा उन्हाळ्याच्या तोंडावर उतरणाऱ्या मृग बहाराची तोड लागायच्या बेतात होती. तीन महिने व्हायला अजून बराच अवकाश होता. माझ्या आत कडं होतं आणि मी टोपलीला हात लावत नव्हते, त्यावरून घरात रोज धुसफूस चालायची. माझ्या ऑपरेशनचा विषय काढला की नवरा म्हणायचा, "एक झालं ना घरात आत्ताच?" जणू ऑपरेशन घराचं असतं, बाईचं नसतं.

तोडीच्या पहिल्या दिवशी व्यापारी बांधावर येऊन बसला होता. मामाजी त्याच्याजवळ, नवरा बाजूला, तोडणाऱ्या बाया झाडांखाली टोपल्या भरत होत्या. आम्ही दोघी सावलीत बसून फळं निवडत होतो. हात कमी पडायला लागले तसे मामाजी तिथूनच ओरडले, "आता बऱ्या झाल्या ना तुमी? बसून काय राहिल्या? उचला ना टोपल्या!"

आत्याबाई उठल्या. मला वाटलं, झालं, चालल्या. मी त्यांचा पदर धरायला हात पुढे केला. पण त्या टोपल्यांकडे गेल्याच नाहीत. त्या सरळ बांधावर गेल्या, व्यापाऱ्यासमोर, ज्याच्यासमोर त्या आजवर कधी उभ्याही राहिल्या नव्हत्या, आणि नवऱ्याच्या पुढ्यात उभ्या राहून अख्ख्या बागेला ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या.

"माह्यं आंग बाहेर आलं होतं. वीस वर्सं लोंबत होतं, तुमच्या टोपल्या उचलून उचलून. तुमाले मालूम होतं. आता मी उचलत नाही, आन् सूनही उचलत नाही. तिचंही बाहेर आलं हाये. हे तोड झाली का मी तिले नागपूरले घेऊन जातो. तुमी दोघं बापलेक उठा आन् उचला."

व्यापारी टोपी हातात घेऊन उगाच झटकायला लागला. नवऱ्यानं मान खाली घातली. मला वाटलं बाया हसतील. कोणी हसलं नाही. झाडांखालून टोपल्या डोक्यावर घेऊन निघालेल्या बाया होत्या तिथेच थांबल्या होत्या. त्यांच्यातल्या एकीनं टोपली खाली उतरवून ठेवली. मग दुसरीनं. मग पलीकडच्या ओळीतल्या, नुकत्या बाळंतपणातून उठलेल्या एका पोरीनं.

"काहून थांबल्या?" व्यापारी ओरडला.

पहिली बाई आत्याबाईंजवळ आली. आवाज खाली करायचं तिला भानही राहिलं नसावं, कारण बांधावरच्या सगळ्या पुरुषांनी ते ऐकलं.

"बाई, ते सौसरची डॉक्टरीण," ती म्हणाली, "कोनत्या वारी बसते?"